पार्श्वभूमी काढणे (मोबाईल गॅलरीतील)

फोटोतील माणूस, जनावर किंवा वस्तू तेवढी ठेवून मागचे सगळे पारदर्शक करण्याची क्रिया. बोलण्यात ‘बॅकग्राऊंड काढणे’ किंवा ‘फोटो कट करणे’. आयफोनवर २०२२ सालच्या आयओएस १६ पासून फोटोतील आकृतीवर बोट दाबून धरले की ती सुटी होते. अँड्रॉइडच्या अनेक गॅलरी ॲपमध्येही अशी सोय आहे, आणि काहींत राहिलेले डाग हाताने काढायला ब्रश मिळतो. नोंदीचा भर या ब्रशवर आहे, कारण पहिले काम ॲप दोन सेकंदांत करते आणि उरलेल्या कामाला अर्धा तास जातो.

ॲप मागचा भाग खरोखर खोडत नाही. फोटोवर ते एक अदृश्य पडदा टाकते, त्याला मास्क म्हणतात. पडद्याने झाकलेले दिसत नाही, पण खाली असते. ‘पुसा’ ब्रश पडदा वाढवतो, ‘परत आणा’ ब्रश तो उचलतो. म्हणून चुकून बैलाचा कान पुसला गेला तरी तो परत येतो. मात्र फोटो एकदा पीएनजी म्हणून जतन केला, की पडद्याखालचे बहुधा कायमचे जाते. ती फाईल पुन्हा उघडून कितीही घासले तरी कान येत नाही. मूळ फोटो तेवढ्यासाठी जपावा.

सांगली जिल्ह्यात याचा हमखास उपयोग म्हणजे शर्यतीच्या फ्लेक्सवरचा बैल. आटपाडीचा भाग खिल्लार जातीसाठी प्रसिद्ध आहे, आणि खिल्लार कट करणे हे ॲपची परीक्षा घेण्यासारखेच आहे. अंग पांढरे-करडे, शिंगे लांब आणि टोकाला निमुळती, वर कासरा आणि शेपटीचा गोंडा. असा बैल सिमेंटच्या भिंतीपुढे उभा करून दुपारी फोटो काढला, तर नेहमी तीन गोष्टी बिघडतात. दोन शिंगांच्या मधले आभाळ तसेच राहते, कारण अंगाने वेढलेली जागा ॲपला बैलाचाच भाग वाटते; पायांमधल्या आणि कासऱ्याखालच्या फटींचेही तेच. शिंगाची टोके गायब होतात. आणि पाठीची कड भिंतीच्या रंगात मिसळून खड्डा पडल्यासारखी दिसते.

हे डाग आधी दिसायला हवेत. ॲप पारदर्शक जागी करड्या-पांढऱ्या चौकटी दाखवते, आणि त्यांवर पांढऱ्या बैलाची कड नीट कळत नाही. तात्पुरता गडद हिरवा किंवा काळा रंग मागे टाकावा. राहिलेले आभाळ लगेच चमकते, आणि शिंगाभोवतीची फिकट रेघही उघडी पडते. मग एकदा लाल टाकून पाहावे, म्हणजे गडद उरलेले तुकडे सापडतात.

दुरुस्ती आधी ‘परत आणा’ने करावी, नंतर ‘पुसा’ने. उलट क्रमाने केले तर शिंग परत आणताना साफ केलेले आभाळ पुन्हा येते. शिंगाचे टोक स्क्रीनभर होईल इतका फोटो मोठा करावा. बहुतेक ॲपमध्ये ब्रशचे वर्तुळ स्क्रीनवर तेवढेच राहते, म्हणून फोटो जितका मोठा तितका ब्रश बारीक चालतो. आकाराची पट्टी सरकवत बसण्यापेक्षा चिमटीने मोठे करणे सोपे. शिंगांच्या मधला त्रिकोण पुसताना मध्यापासून सुरू करून कडेकडे यावे, आणि दर दोन-तीन घासण्यांनी बोट उचलावे. ‘मागे घ्या’ बटण एका वेळी एक घासणी परत घेते. बोट न उचलता सगळे पुसले असेल तर एका चुकीपायी सगळेच जाते. बोटाखाली नेमकी जागा झाकली जाते ही खरी अडचण. ॲप कोपऱ्यात भिंगाची चौकट दाखवत असेल तर नजर बोटावर न ठेवता तिथे ठेवावी.

गोंड्याचे केस एकेक करून काढायला जाऊ नये. सगळा झुपका मऊ कडेच्या ब्रशने परत आणून बाहेरची कड हलकी पुसावी. फ्लेक्स लांबून बघणाऱ्याला तो गोंडाच वाटतो. कासरा मात्र अर्धवट ठेवू नये. हवेत लोंबणारा दोरीचा तुकडा कुणाच्याही डोळ्यात खुपतो. तो पूर्ण धरावा, नाहीतर वेसणीपाशीच तोडावा.

जतन करताना पीएनजी निवडावे. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही, मागे पांढरा किंवा काळा रंग भरला जातो. स्टिकर म्हणून तर ठेवूच नये: व्हॉट्सॲपचा स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा असतो, आणि ६ फूट रुंदीच्या फ्लेक्सवर तो पसरला तर एका इंचाला जेमतेम ७ पिक्सेल येतात. दुकानदाराला फाईल फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून गेली की ती लहान होते, जेपीजी बनते, आणि तासभर पुसलेले आभाळ पांढऱ्या चौकोनाच्या रूपाने परत येते.