निरीक्षणात्मक अध्ययन

दुसऱ्याचे वर्तन पाहून, स्वतः ते करून न बघता शिकणे. ज्याचे वर्तन पाहिले जाते त्याला प्रतिमान म्हणतात. ‘आदर्श’ हा पर्याय काही लेखनात आढळतो, पण तो फसवा आहे, कारण प्रतिमान अनुकरणीय असेलच असे नाही. प्रतिमानाला मिळालेले बक्षीस वा शिक्षा पाहणाऱ्याच्याही वर्तनावर परिणाम करते. बक्षिसाच्या अशा परिणामाला परोक्ष प्रबलन म्हणतात.

या कल्पनेचे जनकत्व सामान्यतः अल्बर्ट बंडुरा यांना दिले जाते, मात्र नील मिलर व जॉन डॉलर्ड यांनी 1941 मध्येच अनुकरणाची अध्ययनाच्या अंगाने मांडणी केली होती. त्यांच्या मते नक्कल केल्यावर शिकणाऱ्याला स्वतःला काही लाभ झाला, तरच अनुकरण रुजते. बंडुरांनी नेमकी हीच अट नाकारली. त्यांची बाजू अधिक सबळ वाटते ती पुढील प्रयोगामुळे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत बंडुरांनी 66 मुलामुलींवर केलेला हा प्रयोग 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना सुमारे पाच मिनिटांचा चित्रपट दाखवला. त्यात एक माणूस ‘बोबो’ या हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला आडवा पाडून त्याच्या नाकावर ठोसे मारतो, हातोडीने बडवतो, लाथा घालतो आणि प्रत्येक कृतीबरोबर ठरावीक शब्द उच्चारतो. हे शब्द व कृती मुद्दाम वेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणजे मुलाने पुढे केलेली मारझोड पाहिलेलीच आहे की त्याची स्वतःची, हे ओळखता येते. एका गटाच्या चित्रपटात शेवटी त्या माणसाला शाबासकी व खाऊ मिळतो, दुसऱ्यात दटावणी व मार, तिसऱ्यात काहीच नाही.

नंतर बोबो व इतर खेळणी असलेल्या खोलीत मुलांना दहा मिनिटे एकटे सोडले. शिक्षा पाहिलेल्यांनी कमी नक्कल केली. बक्षीस पाहिलेला गट आणि काहीच परिणाम न पाहिलेला गट यांत मात्र लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे येथे ठळक दिसली ती परोक्ष शिक्षा. प्रबलनाचा पुरावा त्या मानाने दुबळाच. मग प्रत्येक बरोबर नकलेला फळांचा रस व चित्रे देऊ केली, तेव्हा तिन्ही गटांतील फरक नाहीसा झाला आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावतही बरीच घटली. शिक्षा पाहिलेली मुलेही सारे शिकली होती, फक्त करून दाखवत नव्हती. अध्ययन आणि कृती यांतील हा भेद पुढे बंडुरांच्या मांडणीचा कणा ठरला: अवधान व स्मरण यांवर शिकणे अवलंबून, तर करून दाखवणे शारीरिक क्षमता व प्रेरणा यांवर.

बोबो ही मुळात ठोसे मारण्यासाठीच बनवलेली वस्तू असल्याने तिला मारणे म्हणजे आक्रमकता की खेळ, असा आक्षेप घेतला जातो. चाचणी चित्रपटानंतर लगेच झाली, त्यामुळे दीर्घकालीन परिणामांविषयी या प्रयोगातून अनुमान काढता येत नाही.