छोट्या ऑफिसचं रेकॉर्ड रिटेन्शन शेड्यूल

रेकॉर्ड रिटेन्शन शेड्यूल म्हणजे कुठला कागद किती वर्षं ठेवायचा, मुदत कधीपासून मोजायची, तो कुणाच्या ताब्यात राहणार आणि शेवटी फाडायची परवानगी कोण देणार हे लिहून ठेवलेला तक्ता. सरकारी ऑफिसात अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं आणि महाराष्ट्रात त्यावर २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदाही आहे, पण दहा-पंधरा माणसांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला असा तयार तक्ता कुणी देत नाही, तिला तो वेगवेगळ्या कायद्यांतून स्वतःच जुळवावा लागतो. इथे अशाच कंपनीचं बघू, म्हणजे जीएसटी नंबर असलेली, पगारपत्रक असलेली आणि माळ्यावर किंवा जिन्याखालच्या खोलीत बॉक्स फाईली रचून ठेवलेली.

बहुतेक ठिकाणी "आठ वर्षं ठेवा, मग टाका" एवढाच नियम तोंडी चालतो. तो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ मधून आलाय आणि तसा चुकीचा नाही, फक्त अर्धा आहे. कलम म्हणतं की चालू आर्थिक वर्षाच्या लगेच आधीची किमान आठ आर्थिक वर्षं हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचर्स जपायची. म्हणजे मुदत बिलाच्या तारखेपासून नाही तर वर्षाच्या हिशेबाने मोजायची, त्यामुळे एप्रिलमधलं बिल आणि पुढच्या मार्चमधलं बिल एकाच दिवशी मोकळं होतं. जीएसटीचं मोजमाप वेगळं, सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने. ड्यू डेटपासून, रिटर्न भरल्याच्या तारखेपासून नाही, इथे बरेच जण गोंधळतात.

एक बॉक्स घेऊन हिशेब करू, २०१८-१९ ची खरेदीची बिलं. त्या वर्षाच्या जीएसटी वार्षिक रिटर्नची तारीख मुळात ३१ डिसेंबर २०१९ होती, पण ती पुढे ढकलत ढकलत शेवटी ३१ डिसेंबर २०२० वर आली, म्हणून ७२ महिने संपतात ३१ डिसेंबर २०२६ ला. ज्याने बॉक्सवर आधीच "डिसेंबर २०२५" लिहून ठेवलं असेल त्याचं लेबल मुदतवाढीमुळे एक वर्षाने चुकलं. आता कंपनी कायदा लावला तर २०२६-२७ हे वर्ष चालू असेपर्यंत २०१८-१९ हे आधीच्या आठांतलं सगळ्यात जुनं वर्ष आहे, म्हणजे ते ३१ मार्च २०२७ पर्यंत अडकलेलं आणि १ एप्रिल २०२७ ला सुटणार. दोन्हीतली उशिराची तारीख धरायची, म्हणून लेबलवर जायला हवं "१ एप्रिल २०२७ नंतर, मंजुरीनेच".

हा झाला साधा बॉक्स. समजा त्याच वर्षाच्या इनपुट क्रेडिटवर नोटीस आली, प्रकरण अपिलात गेलं आणि १५ मे २०२६ ला अंतिम निकाल लागला. कलम ३६ सांगतं की ज्या विषयावर अपील किंवा चौकशी चालू असेल त्याची कागदपत्रं अंतिम निकालानंतर एक वर्ष किंवा नेहमीची मुदत, जे उशिरा असेल तोपर्यंत ठेवायची. एक वर्ष म्हणजे १५ मे २०२७, ते १ एप्रिलच्याही पुढे जातं, त्यामुळे त्या बिलांपुरती तारीख हलली. याला ऑफिसच्या भाषेत होल्ड लावणं म्हणतात, बॉक्सवर लाल स्टिकर, त्यावर नोटिशीचा नंबर आणि होल्ड लावणाऱ्याची सही. नोटीस ईमेलवर सीएकडे येते आणि रेकॉर्ड रूमला कुणी कळवतच नाही, म्हणून नोटीस आली की त्याच दिवशी होल्ड लावायची जबाबदारी अकाउंटंटवर नाव घालून लिहिलेली बरी. वाद चालू आहे हे माहीत असताना पुरावा सापडू नये म्हणून कागद नष्ट केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा ठरतो, मग शेड्यूलमधली तारीख दाखवून उपयोग नाही.

काही कागद बिलासारखे दिसतात पण बिलांच्या बॉक्समध्ये टाकायचे नसतात. मशीनचं खरेदी बिल, जागेच्या रिनोव्हेशनचं बिल, हे मालमत्ता विकल्यावर खरेदी किंमत दाखवायला लागतं, त्यामुळे मालमत्ता हातात आहे तोवर आणि विकल्या वर्षापासून पुन्हा पूर्ण मुदत असं धरायचं. तोटा पुढे ओढला असेल तर ज्या वर्षी तो वळता केला त्या वर्षाची मुदत संपेपर्यंत मूळ तोट्याच्या वर्षाची पुस्तकंही लागतात. मिनिट्स, सभासदांचं रजिस्टर, इन्कॉर्पोरेशनचे कागद, खरेदीखत हे कायमचे, यांना तारीखच नाही. भाडेकरार संपल्यावर मात्र लगेच टाकू नका, करारावरून पैशाचा दावा साधारण तीन वर्षांत होऊ शकतो आणि डिपॉझिटचे वाद तेव्हाच निघतात. पीएफचे कागद तर मी कुणाला टाकू देत नाही, माणूस नोकरी सोडून पंधरा वर्षांनी पेन्शनसाठी येतो आणि त्याची जॉइनिंग तारीख कधीकधी फक्त आपल्याच रजिस्टरात सापडते.

जबाबदाऱ्या छोट्या ऑफिसात तीनच ठेवल्या तर चालतात. बॉक्स भरणारा, म्हणजे अकाउंटंट किंवा एचआर बघणारी व्यक्ती, वर्ष बंद झाल्यावर ऑडिटनंतर लेबल लावून बॉक्स आत देतो. रेकॉर्ड सांभाळणारा आत काय आलं, कोण फाईल घेऊन गेलं, परत आली का याची नोंद ठेवतो. आणि डिरेक्टर मंजुरी देतो, कारण कलम १२८ चं उल्लंघन झालं तर दंड, ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत, एमडी, फायनान्स बघणारा पूर्णवेळ डिरेक्टर, सीएफओ किंवा बोर्डाने नेमलेल्या माणसावर पडतो, शिपायावर नाही. सीएचा सल्ला घ्यायचा, पण सही त्यांची घेऊन स्वतःची जबाबदारी जात नाही.

कागद मुदतीआधीच मरतो असंही होतं. पेट्रोल पंपाची, हॉटेलची थर्मल पेपरवरची बिलं वर्ष-दोन वर्षांत पांढरी पडतात, उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली तर त्याआधीच, म्हणून ती आल्या आल्या झेरॉक्स किंवा स्कॅन करून मूळ बिल मागे स्टेपल करायचं. स्टॅम्प पेपरवरच्या सही-शिक्क्याच्या मूळ कागदाला मात्र स्कॅन हा पर्याय नाही. पावसाळ्यात खालचा रॅक जमिनीपासून वीतभर वर असावा, वाळवी आली की भिंतीवर मातीच्या बारीक रेघा दिसतात, तेव्हाच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

टाकायचं काम वर्षातून एकदाच करायचं, एप्रिल-मे मध्ये. मुदत संपलेल्या बॉक्सेसची यादी काढा, प्रत्येकाचा होल्ड तपासा, अकाउंटंटची सही, मग डिरेक्टरची, आणि मगच श्रेडर. जड गठ्ठे असतील तर श्रेडिंगवाली एजन्सी बोलवून समोर उभं राहून काम करून घ्या आणि सर्टिफिकेट घ्या. भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, कारण पगाराच्या फाईलमध्ये लोकांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स असतात आणि त्या भेळेच्या पुडीवर जाऊन पोचतात. शिवाय २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा कायद्याचा रोख असा आहे की काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नाही तर डिजिटल वैयक्तिक माहिती पुसायची, म्हणजे कागद श्रेड केला आणि त्याचीच पीडीएफ ड्राइव्हवर आणि अकाउंटंटच्या लॅपटॉपवर राहिली तर काम अर्धंच झालं. यादीवर पीडीएफसाठी वेगळा रकाना ठेवा, आणि ही सही झालेली यादी स्वतः मात्र कायम ठेवायची, उद्या कुणी २०१८-१९ चं बिल मागितलं तर ते हरवलं नाही, ठरवून टाकलं हे दाखवायला हातात तेवढंच असतं.