प्रथिने वाढली, प्रवास वाढला. पोट का अडते?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणारे, पस्तिशीतले, सत्तर किलो वजनाचे एक गृहस्थ नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणू. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी जिम सुरू केली, प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून प्रथिने वाढवली आणि त्याच सुमारास आठवड्यातून दोनदा रात्रीच्या बसने वाशीला जाणेही सुरू झाले. शरीर कसदार झाले, पण पोट साफ होईनासे झाले. शौचाला तीन-तीन दिवसांनी होऊ लागले, तेही खड्यासारखे आणि कुंथून. आता त्यांचा सगळा संशय प्रोटीन पावडरीवर आहे.

हा संशय बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतो. प्रथिनांचे पचन लहान आतड्यात जवळपास पूर्ण होते आणि मोठ्या आतड्यापर्यंत त्यांचा फारच थोडा अंश पोहोचतो. त्यामुळे प्रथिने पोट अडवत नाहीत; ती ताटात आली तेव्हा ताटातून काय गेले, ते पाहावे लागते. या गृहस्थांच्या जुन्या जेवणात दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि भाजी असे, रात्री दोन पोळ्या आणि पुन्हा भाजी. दोन भाकरींना साधारण सव्वाशे ग्रॅम पीठ लागते आणि त्यातून बारा ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ मिळतात. उसळ, पोळ्या आणि दोन वेळच्या भाज्या मिळून आणखी सोळा-सतरा ग्रॅम मिळत. म्हणजे कसलाही हिशेब न ठेवता रोजचा आकडा तिशीच्या जवळ जात होता आणि प्रौढ माणसाला लागतात तेही पंचवीस ते तीस ग्रॅमच. आताच्या ताटात सहा अंड्यांचे पांढरे, दोन स्कूप पावडर, दोनशे ग्रॅम चिकन, शंभर ग्रॅम पनीर, एक पोळी आणि थोडा भात आहे. अंडी, चिकन, पनीर यांत तंतू अजिबात नसतात आणि पावडरीत जवळजवळ नसतातच. पोळी, भात आणि घासभर भाजी धरली तरी बेरीज आठ-नऊ ग्रॅमच्या पुढे जात नाही.

तंतूंच्या या तुटवड्याचा परिणाम समजण्यासाठी मोठ्या आतड्याचे काम पाहू. लहान आतड्यातून रोज सुमारे दीड लिटर पाणी मोठ्या आतड्यात उतरते, त्यातले बहुतेक ते शोषून घेते आणि मलाबरोबर शंभर-दीडशे मिलिलिटर एवढेच बाहेर पडते. मल आतड्यात जितका जास्त वेळ रेंगाळतो तितके त्यातले पाणी अधिक ओढले जाते. तंतू पाणी धरून ठेवतात, त्यांच्यावर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे मलाचे आकारमान वाढते, आणि या आकारमानाने आतड्याची भिंत ताणली गेली की ते पुढे ढकलण्याची हालचाल करते. तंतू कमी पडले की मल थोडा होतो, भिंत पुरेशी ताणली जात नाही, चाल मंदावते आणि मंद चालीमुळे तो आणखी कोरडा होतो. भरीस भर म्हणून जादा प्रथिनांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे टाकण्यासाठी मूत्रपिंडे थोडे अधिक पाणी खर्च करतात, त्यात जिममधला घाम मिळतो.

प्रवास या क्रियेच्या नेमक्या मर्मावर घाव घालतो. झोपेत मोठे आतडे जवळजवळ शांत असते. जाग आल्यावर आणि पोटात अन्न गेल्यावर त्यात जोरदार लाटा उठतात, म्हणूनच बहुतेकांना सकाळच्या चहानंतर किंवा नाश्त्यानंतर कळ येते. आपल्या गृहस्थांची ही वेळ नेमकी बसमध्ये किंवा बाजाराच्या गर्दीत येते. वाटेत लघवीला जावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून त्यांनी पाणीही टाळलेले असते. कळ दाबली की काही मिनिटांत ती विरते, पण गुदाशयात थांबलेल्या मलातून पाणी ओढले जाणे चालूच राहते. ही दाबादाबी वारंवार झाली तर गुदाशय ताणाला सरावतो आणि पुढच्या वेळी कळ येण्यासाठी आणखी भर लागते. माझ्या मते प्रवासी माणसाच्या तक्रारीत हॉटेलच्या जेवणापेक्षा या हुकलेल्या वेळेचा वाटा मोठा असतो, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

उपाय करताना प्रथिने सोडण्याची गरज नाही. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम पुरतात, म्हणजे या गृहस्थांना एकशे दहा-पंधरा ग्रॅम. पनीर आणि पावडरीचा एक स्कूप काढून त्या जागी दोन भाकरी आणि पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणली, तरी अंडी, चिकन आणि उरलेला एक स्कूप यांच्यासह तेवढी प्रथिने भरतात. तंतूंचा हिशेब मात्र पालटतो: भाकरीतून बारा, उसळीतून सात-आठ, दोन वेळच्या भाज्यांतून पाच, मध्यम पेरूतून पाच-सहा. हे सारे एकाच दिवशी सुरू केले तर पोट गच्च होते आणि वारा धरतो, म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त भाकरी, दुसऱ्यात उसळ आणि तिसऱ्यात फळ असा क्रम ठेवावा. तासगावचे बेदाणे अनेकजण भरवशाने खातात. पण मूठभर बेदाण्यांतून जेमतेम एक-दीड ग्रॅम तंतू मिळतात, त्यामुळे केवळ त्यांच्यावर विसंबून भागत नाही.

पाण्याबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. शरीरात पाणी पुरेसे असताना तांब्यावर तांब्या रिचवला तर ते लघवीवाटे जाते, मल मऊ करत नाही. कमतरता असेल तेव्हा आणि तंतूंच्या जोडीनेच पाण्याचा उपयोग होतो. दिवसाला दोन-अडीच लिटरचे धोरण ठेवून बसच्या दिवशी त्यातले बरेचसे संध्याकाळी सहापूर्वी प्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे, गडद असेल तर कमी पडते आहे. प्रवासाच्या दिवशी भाकरी-उसळ जमली नाही तर चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावे. ते कोरडे किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतले तर फुगून घशात किंवा आतड्यात अडकू शकते. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

वाशीला उतरल्यावर बाजारात शिरण्यापूर्वी अर्धा तास राखून ठेवावा. गरम चहा आणि काहीतरी खाणे झाले की कळ येवो न येवो, दहा मिनिटे शौचाला बसावे. त्याहून अधिक वेळ कुंथत बसू नये. लॉजवर कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल किंवा उलटी बादली घेऊन पुढे झुकावे. उकिडवे बसल्यासारखे गुडघे वर आले की गुदद्वाराभोवतीचा स्नायू सैलावतो आणि वाट सरळ होते. घरीही रोज हीच वेळ पाळली, तर दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवू लागतो. तो मोजताना दिवस मोजू नयेत, कारण दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा हे सारे सामान्यच आहे. मलाचे स्वरूप पाहावे: सुटे कडक खडे म्हणजे अजून कोरडेपणा आहे, गुळगुळीत मऊ वळी म्हणजे जमले.

मलात रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय, चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, किंवा पोट फुगून वारासुद्धा न सरणे आणि उलट्या होणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. शेवटच्या लक्षणात तर त्याच दिवशी. लोहाच्या गोळ्या नव्याने सुरू झाल्या असतील तर त्यांचाही उल्लेख करावा, कारण त्यांनी पोट धरते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वीच विचारलेले बरे. काहींना मात्र तंतू वाढवूनही मल दाराशी येऊन अडतो, कुंथावे लागते आणि बोटाने मदत करावी लागते. त्यांच्यात अनेकदा शौचाच्या वेळी सैलावण्याऐवजी कटितळाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू आवळतात. अशांना अधिक तंतू दिल्याने त्रास वाढतो, आणि त्यांनी पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे तपासणी करून घेऊन स्नायू योग्य वेळी सैल सोडण्याचे प्रशिक्षण घ्यावे.