व्हॉल्युम मागितला की लेयर्स मिळतात, पण बारीक सरळ केसांना हवा असतो भरगच्चपणा

"केस खूप चपटे दिसतात, जरा व्हॉल्युम येईल असं काहीतरी करा ना." हे वाक्य मी कितीतरी वर्षं दर हेअरकटला म्हणत आले आणि दरवेळी समोरून एकच उत्तर आलं, "मग लेयर्स करूया, एकदम बाऊन्सी दिसतील." त्या दिवशी ब्लो ड्राय करून दिलेला असतो त्यामुळे खरंच छान दिसतं, दुसऱ्या दिवशी घरी केस धुतले की टाळूवर चापून बसलेले केस आणि खाली पाठीवर चारदोन बटा लोंबतायत. आणि आपण परत तेच समजतो की आपलेच केस वाईट, गळायला लागलेत बहुतेक.

गळत नसतात बरेचदा. गोंधळ शब्दात आहे. व्हॉल्युम म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलतो. एक म्हणजे उठाव, म्हणजे केस मुळापाशी डोक्यापासून जरा वर उचललेले असणं. आणि दुसरी म्हणजे भरगच्चपणा, म्हणजे खालच्या टोकापर्यंत केस दाट दिसणं, त्यातून मागचा ड्रेस दिसत नाही असे. लेयर्स पहिल्या गोष्टीचं आश्वासन देतात आणि त्याची किंमत दुसरीतून वसूल करतात. जाड किंवा कुरळ्या केसांना ती किंमत परवडते. बारीक सरळ केसांना किंमत तर पूर्ण मोजावी लागते आणि बदल्यात उठावही मिळत नाही, म्हणून मला हे नीट लिहायचंय.

आधी उठाव का मिळत नाही ते बघू. लेयर्सच्या बाजूने नेहमी असं सांगतात की केसांचं वजन कमी झालं की ते वर उठतात. कुरळ्या केसांत हे अगदी खरं आहे, वजन निघालं की वळण स्प्रिंगसारखं वर येतं. पण सरळ केसाला वर यायला वळणच नाही. आणि बारीक केस मुळात वजनाने दबलेला नसतो, तो इतका मऊ असतो की स्वतःला उभं धरू शकत नाही. केसाचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे 50 मायक्रॉनचा बारीक केस आणि 80 मायक्रॉनचा जाड केस घेतला तर जाडीत फरक दीडपट-पावणेदोनपटच, पण ताठपणात साडेसहा पट. त्यामुळे जाड केसाचा आखूड तुकडा खालच्या केसांना ढकलून उभा राहतो आणि आपला बारीक केस आखूड केला तरी त्याच जागी सपाट पडून राहतो, वर डोक्याचं तेल सरळ केसावरून पटकन खाली उतरतं ते वेगळंच.

आता भरगच्चपणा कुठे जातो ते. हे मला समजलं तेव्हा खरं डोक्यात लख्ख प्रकाश पडला म्हणून जरा सविस्तर सांगते. टाळूच्या मागच्या उंच भागापासून मानेवरच्या शेवटच्या केसांपर्यंत डोक्यावरून मोजलं तर साधारण 20 सेंटिमीटर भरतात. समजा पूर्ण डोक्याला लेयर्स दिले, प्रत्येक बट डोक्यापासून सरळ बाहेर ओढून धरली आणि सगळीकडे 30 सेंटिमीटरवर कापली. केस सोडले की मानेवरचे केस मानेखाली 30 सेंटिमीटरपर्यंत जातात, पण टाळूवरच्या केसांचे 20 सेंटिमीटर तर मानेपर्यंत यायलाच खर्च झालेत, ते मानेखाली फक्त 10 सेंटिमीटर येऊन संपतात. म्हणजे खालचे 20 सेंटिमीटर केस हळूहळू कमी कमी होत जातात आणि अगदी शेवटच्या टोकाला फक्त मानेवरच्या दोनचार ओळींचे केस उरतात. डोक्यावरचे बाकी सगळे केस तिथवर पोचतच नाहीत!

याउलट वन लेंथ ब्लंट कट. केस खाली मोकळे सोडायचे, वर उचलायचे नाहीत आणि एका रेषेत कापायचे. तिथे टाळूवरचा केस 50 सेंटिमीटर असेल, मानेवरचा 30, पण टोकं सगळ्यांची एकाच रेषेवर येतात. त्या रेषेवर डोक्यावरचे जवळपास सगळे केस हजर असतात. केस तेवढेच, संख्या तीच, फक्त टोकं कुठे संपतात ते बदललं आणि दाट दिसायला लागतं.

आणि सरळ केसांत लपवाछपवी नसते हेही आहेच. लाटा असलेल्या केसात वेगवेगळ्या लांबीची टोकं एकमेकांत अडकून एक गुबगुबीत आकार तयार होतो, सरळ केसात मात्र प्रत्येक पायरी पट्टीने आखल्यासारखी दिसते आणि दोन पायऱ्यांच्या मधून उजेड आरपार दिसतो.

माझंच उदाहरण देते. स्टेप कट होता, सगळ्यात आखूड लेयर टाळूवर 28 सेंटिमीटर आणि खालची लांबी पाठीच्या मध्यापर्यंत. मानेपाशी पोनी बांधून दोऱ्याने घेर मोजला, रबराजवळ 7 सेंटिमीटर, आणि टोकाच्या 5 सेंटिमीटर वर फक्त 3. ऐकायला निम्म्याहून जरा कमी वाटतं पण घेराचा वर्ग करून बघा, 9 भागिले 49, म्हणजे रबरात जेवढे केस होते त्यातले पाचव्या भागाहूनही कमी केस तिथपर्यंत पोचत होते. इतकी वर्षं मी लांबी जपली म्हणत होते ती लांबी म्हणजे हे एवढंसं होतं, फार वाईट वाटलं तेव्हा. (वन लेंथ केसांची पोनीही टोकाला थोडी निमुळती होतेच, कारण पुढचे केस मागे यायला लांबचा रस्ता घेतात, त्यामुळे टोकाला थोडा घेर कमी भरला तर घाबरू नका, पण निम्म्याच्याही खाली गेला तर तो कटचा प्रताप आहे.) केस गळतायत का कट चुकलाय हे ओळखायलाही याचा उपयोग होतो. रबराजवळचा घेर वर्षानुवर्षं तेवढाच असेल आणि फक्त खाली बारीक असेल तर कात्रीचं काम, रबराजवळचाच घेर कमी होत चालला असेल किंवा भांग रुंद दिसायला लागला असेल तर तो वेगळा प्रश्न, त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, कुठलाही हेअरकट ते सोडवणार नाही.

मग मागायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे "व्हॉल्युम" हा शब्दच टाळायचा, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्याचं भाषांतर थेट लेयर्स असं होतं, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. मी आता असं सांगते: "माझे केस बारीक आणि सरळ आहेत, मला खालची टोकं दाट आणि भरलेली दिसायला हवीत. खालची रेषा ब्लंट ठेवा, सगळे केस एका लांबीचे, वर उचलून कापू नका. थिनिंगची कात्री नको, रेझर नको." शेवटची दोन वाक्यं विसरू नका. कारण कितीदा तरी कट व्यवस्थित वन लेंथ होतो आणि मग शेवटी सवयीने ती दातेरी कात्री येते आणि "जरा सॉफ्ट करते" म्हणत टोकांतले केस काढून टाकते, जे आपण इतक्या मुश्किलीने गोळा केलेले असतात. रेझरने बारीक केसाचं टोक तिरपं छाटलं जातं, ते आणखी पातळ होतं आणि लवकर फाटतं.

चेहऱ्याभोवती काहीतरी हवंच असेल तर फक्त पुढच्या बटा, हनुवटीच्या खालून सुरू होणाऱ्या, आणि त्यात कानामागचे केस ओढून घ्यायचे नाहीत. नाहीतर फेस फ्रेमिंग म्हणता म्हणता बाजूचे निम्मे केस आखूड होऊन बसतात.

कट चालू असताना हाताकडे बघा, शब्दांपेक्षा तिथे खरं कळतं. केस मानेला चिकटून, कंगव्याने खाली ओढून कापले जातायत तर ठीक. टाळूवरची बट बोटांत धरून सरळ छताकडे उचलली की तिथेच थांबवा, कारण ती बट एकदा कापली की परत खाली पोचायला महिने जातात.

किती महिने, तर माझंच सांगते. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. मी आधी खालची झिरझिरीत लांबी सोडून दिली, 15 सेंटिमीटर कापून रेषा खांद्याच्या जरा वर आणली (हो, दुखलं). तिथे पोचायला टाळूवरच्या केसाला 34 सेंटिमीटर लांब असायला हवं होतं आणि तो होता 28, म्हणजे 6 सेंटिमीटरची तूट, म्हणजे पाच महिने. या काळात गुपित एकच, रेषा तिथेच धरून ठेवायची, दर दोन महिन्यांनी खालून अडीच सेंटिमीटर कापायचं म्हणजे खालचे थांबतात आणि वरचे त्यांना गाठतात. खालचं न कापता सगळंच वाढवत बसलात तर सगळे केस सारखेच वाढणार आणि पायऱ्या तशाच्या तशा खाली सरकणार, ही चूक मी आधी दोन वर्षं केली होती. पाच महिन्यांनी परत दोरा लावला, रबराजवळ तेच 7, टोकाच्या 5 सेंटिमीटर वर 5. म्हणजे आता निम्मे केस तिथपर्यंत येत होते, आधीच्या जवळपास तिप्पट.

लांबी कुठे ठेवायची यावर माझं मत स्पष्ट आहे, बारीक सरळ केस हनुवटी ते कॉलरबोन यामध्ये सगळ्यात भरगच्च दिसतात. त्याखाली जाता येतं पण कट जितका लांब तितकी टोकं जुनी आणि झिजलेली, तिथे रेषा ब्लंट असूनही विरळ दिसायला लागते.

आता ब्लंट कट टाळूवर उठाव आणणार नाही हेही सांगायला हवं. ते काम कात्रीचं नाहीच, ते वाळवण्याचं आहे. ओले केस नेहमीच्या भांगाच्या उलट बाजूला पाडून मुळं वाळवायची आणि पूर्ण वाळले, थंड झाले की भांग जागेवर आणायचा, मुळं वाळताना जशी वळली तशीच काही तास राहतात. कंडिशनर फक्त कानाच्या खाली लावायचा. आणि भांग महिनोन्महिने एकाच जागी असेल तर तो बोटभर सरकवून बघा, तिथले केस उलट बाजूला पडायची सवय नसल्यामुळे आपोआप जरा उभे राहतात.

लेयर्स सगळ्यांनाच वाईट असंही नाही. एकेक केस बारीक पण संख्येने भरपूर असे केस असतात, त्यांना खालून एकदोन लांब लेयर्स चालून जातात, सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब टोकात चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको एवढंच. हलकी लाट असेल तर अजून थोडी सूट. पण केस बारीकही आणि कमीही असतील तर मी एकही लेयर देऊ देणार नाही, माझ्या भाचीने मागच्या महिन्यात विचारलं तेव्हा तिला दोऱ्याने पोनी मोजायला लावली आणि आकडा बघून तिनेच पार्लरला फोन करून लेयर कटऐवजी ट्रिमची वेळ घेतली.