गारवा, गारठा आणि कडाका : सीमाभागातल्या थंडीच्या शब्दांची पार्श्वभूमी

थंडीचा एक जुना शब्द ‘हिंव’. संस्कृत ‘हिम’वरून आलेला हा शब्द आज बोलण्यात मुख्यतः उरला आहे तो ‘हिवाळा’ आणि ‘हिवताप’ यांत. कन्नडमध्येही ‘चळी’ म्हणजे थंडी, ‘चळिगाल’ म्हणजे हिवाळा आणि ‘चळिज्वर’ म्हणजे थंडी वाजून येणारा ताप. म्हणजे हवेची थंडी आणि अंगातली थंडी यांना दोन्ही भाषांनी एकच शब्द दिला. थंडीच्या शब्दांच्या चढत्या क्रमाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मराठीत खरं तर दोन शिड्या आहेत. एक हवेची: गारवा, थंडी, बोचरी थंडी, कडाक्याची थंडी. दुसरी अंगाची: शिरशिरी, काकडणं, कुडकुडणं, हुडहुडी. बातम्यांत दोन्ही एकत्र होतात आणि पारा जरा उतरला की ‘बेळगावला हुडहुडी’ छापून येतं. मग खरोखर कडाका पडला की लिहायला शब्दच उरत नाही. ‘थंडी’चं वजनही विशेषणावर ठरतं. ‘गुलाबी’ लावलं तर ती हवीहवीशी वाटते, ‘कडाक्याची’ म्हटलं की शेकोटी पेटते आणि नुसतं ‘थंडी पडालीय बघा’ म्हटलं तर कितीची ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

शाळेत इंग्रजी शब्द आले तेव्हा त्यांची उतरंड लावणं सोपं वाटलं. चिली म्हणजे गारव्याच्या पुढची पायरी. निप्पी म्हणजे चिमटा काढणारी, बायटिंग म्हणजे चावणारी. दोन्हींत कातडीला होणारा त्रासच आहे, फरक जोराचा. आपली ‘बोचरी’ या दोहोंच्या मध्ये कुठंतरी बसते. फ्रिजिड मात्र ध्रुवाजवळचा. भूगोलाच्या पुस्तकातला ‘शीत कटिबंध’ म्हणजे ‘फ्रिजिड झोन’, साडेसहासष्ट अंश अक्षांशाच्या पलीकडचा. टिळकवाडीतल्या डिसेंबरवर निबंध लिहिताना तो वापरायचं काही कारण नाही.

खरा वाद आहे तो ‘गारठ्या’चा. तो थंडीच्या खाली की वर? घाटाकडच्या माणसाला विचारलं तर उत्तर एक, अथणीकडच्याला विचारलं तर दुसरं. आणि दोघंही बरोबर. समजा, ऑगस्टमध्ये खानापूर-जांबोटी पट्ट्यात पाऊस लागून राहिला आहे. दुपारी 23 अंश, पहाटे 20. आकड्यांत ही थंडी नव्हेच. पण ऊन नाही, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट, अंथरूण गार, भिंतीला ओल. ओला कपडा अंगाची ऊब कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर ओढून घेतो आणि दिवसभरात कधीच ऊब मिळत नसल्यामुळे गारठा मुरत जातो. आता अथणीकडचा डिसेंबर घ्या. पहाटे 13, दुपारी 29. पहाटे रानात दात वाजतात, पण नऊ-दहापर्यंत स्वेटर कमरेला बांधलेला असतो. ही कोरडी थंडी आकड्यानं मोठी असली तरी टिकत नाही. म्हणून माझ्या मते गारठा ही त्या शिडीची पायरीच नव्हे. थंडी किती, हे तो सांगत नाही; ती कशी आहे आणि किती वेळ राहिली, हे सांगतो.

सरकारी भाषा आली आणि हा प्रश्न आणखी अवघड झाला. मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करण्याच्या नेहमीच्या कसोटीला दोन अटी आहेत: किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी हवं. ही घट 6.4 अंशांच्या पुढे गेली की तीव्र लाट. बेळगावचं जानेवारीतलं सरासरी किमान साधारण 14 धरलं तर 10 अंशांची पहाटसुद्धा लाट ठरत नाही, कारण घट चारच अंशांची होते. 9 झाले की ठरते. ‘शीत दिवस’ ठरवताना दिवसाचं कमाल तापमान पाहतात, पण तिथंही किमान 10 च्या वर असलं की विषय संपतो. खानापूरचा गारठा दोन्हीकडून बाहेर.

वाऱ्याचंही तसंच. कन्नड इशाऱ्यात या लाटेला ‘शीतगाळी’ म्हणतात आणि ‘गाळी’ म्हणजे वारा. पण लाटेच्या वरच्या दोन अटींत वारा कुठंच नाही. वाऱ्यानं थंडी किती वाढते याचं गणित अंटार्क्टिकावर पाणी गोठवून केलेल्या प्रयोगांतून निघालं आणि 1945 साली प्रसिद्ध झालं. उत्तर अमेरिकेत 2001 पासून वापरात असलेल्या सुधारित सूत्रानं 10 अंश आणि ताशी 20 किलोमीटर वारा धरला तर उघड्या कातडीला साधारण 7 अंशांसारखं वाटतं. 10 अंशांच्या वर मात्र ते सूत्र लावत नाहीत. त्यामुळे 12 अंशांच्या पहाटे दुचाकीवरून निपाणीहून चिकोडीला निघालेल्या माणसाच्या बोटांना जे झोंबतं, त्याला सध्या ‘बोचरी’ हा एकच शब्द आहे.