अपघात अहवालातील दोषकबुली व तर्क

अपघातानंतर कारखान्यात लिहिला जाणारा अहवाल पुढे न्यायालयात वाचला जाण्याची शक्यता असते. त्यात पाहिलेली वस्तुस्थिती, इतरांनी सांगितलेली माहिती आणि लिहिणाऱ्याचे स्वतःचे अनुमान वेगवेगळे ठेवण्याच्या, तसेच दोष कोणाचा हे तपासापूर्वीच न ठरवण्याच्या लेखनपद्धतीचा विचार या नोंदीत केला आहे. विवेचनासाठी सोलापूरच्या चादर व टॉवेल विणणाऱ्या यंत्रमाग कारखान्यातील अपघाताचे उदाहरण घेतले आहे.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार, वादातील किंवा संबंधित तथ्याविषयी अनुमान सुचवणारे तोंडी, लेखी अथवा इलेक्ट्रॉनिक विधान, ते कायद्याने सांगितलेल्या व्यक्तीने व परिस्थितीत केलेले असल्यास, कबुली ठरते. त्यामुळे पाळी सुटताना मुकादमाने मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवलेले दोन ओळींचे वाक्यही यातून आपोआप सुटत नाही. मात्र ते मालकाविरुद्ध वापरता येईल का, हे मुकादमाला मालकाच्या वतीने तसे बोलण्याचा अधिकार होता का, यावर अवलंबून असते. कलम २५ प्रमाणे कबुली हा निर्णायक पुरावा नसतो आणि ती चुकीची होती हे दाखवता येते. पण प्रत्यक्षात स्वतःच्या सहीचे वाक्य खोडून काढण्याचे ओझे लिहिणाऱ्याच्या बाजूवर येऊन पडते.

एक कल्पित प्रसंग घेऊ. अक्कलकोट रोडवरील एका कारखान्यात दुसऱ्या पाळीत साध्या मागावरचा, ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा नेणारा धोटा उडून शेजारच्या मागावरील कामगाराच्या डोळ्याजवळ लागला. धोट्याला ठोकर देणारा मागाचा भाग म्हणजे पिकर, आणि मागांची दुरुस्ती पाहणारा कारागीर म्हणजे जॉबर. घाईत लिहिलेला अहवाल असा: ‘जॉबरने झिजलेला पिकर न बदलल्यामुळे धोटा उडाला. आमच्या हलगर्जीपणाने कामगाराचा डोळा गेला. तो बहुधा मोबाईल बघत असावा.’ या तीन वाक्यांत लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेले काहीही नाही. धोटा उडण्याची कारणे अनेक असतात: पिकर किंवा त्याचा पट्टा झिजणे, धोट्याची पेटी सरळ रेषेत नसणे, ताण्याचे तुटलेले धागे गुंतून धोट्याची वाट अडणे, ताण्याच्या उघडझापेची वेळ चुकणे. यांपैकी कोणते कारण खरे, हे माग उघडून तपासल्याशिवाय कळत नाही. ‘हलगर्जीपणा’ हा न्यायालयाने काढायचा निष्कर्ष आहे, ‘डोळा गेला’ हे नेत्रतज्ज्ञाने सांगायचे, आणि मोबाईलचा उल्लेख तर जखमी माणसावर पुराव्याशिवाय केलेला आरोप आहे.

तोच प्रसंग असा लिहिता येतो: ‘रात्री ९.४० च्या सुमारास माग क्र. १४ चा धोटा उजवीकडून बाहेर पडून माग क्र. १५ वरील कामगाराच्या डाव्या डोळ्याखाली लागला, असे पाळीच्या मुकादमाने मला सांगितले. ९.५५ वाजता मी माग पाहिला. धोटा अडवणारी सळई जागेवर नव्हती, ती मागाखाली पडलेली होती. उजव्या पेटीजवळ ताण्याचे तुटलेले धागे गुंतलेले होते. पिकरला चीर दिसली. धोटा व पिकर काढून, पाकिटात बंद करून ठेवले. देखभाल वहीत पिकर बदलल्याची शेवटची नोंद ३ मार्चची आहे. जखमीला रुग्णालयात नेले. कारणाची तपासणी बाकी आहे.’

सळई जागेवर नव्हती हे मालकाला अडचणीचे वाक्य आहे, तरीही ते येथे जसेच्या तसे आहे. हाच या पद्धतीचा गाभा आहे आणि तिचा गैरवापरही येथेच होतो. कबुली टाळायची म्हणून सळईचा उल्लेख गाळणे किंवा अहवालापूर्वी ती परत बसवणे ही पुरावा दडवण्याची कृती आहे, आणि त्यातून मूळ अपघातापेक्षा गंभीर फौजदारी जबाबदारी उभी राहू शकते. जखमी कामगाराचा भरपाईचा हक्कही अशा नोंदींवरच उभा असतो. म्हणून सळई नसणे लिहावे. ती कोणी व का काढली हे लिहिणाऱ्याने पाहिलेले नसेल, तर ज्याने सांगितले त्याचे नाव घालून त्याचे म्हणणे म्हणून लिहावे.

पुढे तपासणीत तुटलेल्या धाग्यांनीच वाट अडवली होती असे निघाले, तर दुसऱ्या अहवालात काहीही बदलावे लागत नाही, कारण चीर आणि धागे दोन्ही त्यात आहेत. पहिल्या अहवालाने मात्र जॉबरला आधीच दोषी ठरवलेले असते, आणि उलटतपासणीत ‘मग तुम्ही सही कशावर केली?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

‘बहुधा’, ‘असावा’, ‘वाटते’ हे शब्द वाक्यात आले की तेथे तर्क शिरल्याचे ओळखावे. ‘मुळे’ हा प्रत्यय अधिक फसवा आहे, कारण तो कारण सिद्ध झाल्यासारखे भासवतो. तर्क नोंदवणे तपासासाठी आवश्यकच असेल, तर तो तज्ज्ञाने, आधार दाखवून, वेगळ्या कागदावर मांडावा. त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारल्याने त्याला न्यायालयात संरक्षण मिळत नाही. स्वतःच्या वकिलाशी कायदेशीर सल्ल्यासाठी झालेल्या पत्रव्यवहाराची गोष्ट वेगळी आहे. चूक आढळल्यास मूळ अहवाल फाडू किंवा पुन्हा लिहू नये. तारीख, वेळ व सहीसह पुरवणी जोडावी आणि मूळ प्रत तशीच ठेवावी.