अटक झाल्यापासून न्यायाधीशांसमोर हजर करेपर्यंत: पहिले चोवीस तास

पोलीस घरातल्या माणसाला घेऊन गेले की घरचे आधी वकिलाला फोन लावतात. लावायलाच हवा, पण त्याआधी घड्याळ बघून नेमकी वेळ कुठेतरी लिहून ठेवा. पुढचं बरंच काही त्या वेळेवर ठरतं.

समजा, तालुक्याच्या गावात मोटरसायकल चोरीच्या संशयावरून एका तरुणाला शनिवारी संध्याकाळी सहाला ठाण्यात नेलं. 'चौकशी चालू आहे' म्हणत बसवून ठेवलं आणि कागदावर अटक दाखवली रात्री अकराला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ प्रमाणे चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं, वगळायचा तो फक्त न्यायालयापर्यंतच्या प्रवासाचा वेळ. मग हे तास कधीपासून मोजायचे? माणसाला उठून जायची मोकळीक राहिली नाही तेव्हाच अटक झाली, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटलं आहे. म्हणजे सहापासून. दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी घड्याळ थांबत नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी दंडाधिकारी नेमलेले असतात. 'सोमवारी बघू' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

चोरीला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं, नाहीतर कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावता येतं. वकील रिमांडच्या वेळी सहसा इथेच बोट ठेवतात.

ठाण्यात अटकेचा कागद तयार होतो. त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही लागते. सही करण्याआधी त्यातली वेळ वाचा. चुकीची असेल तर सहीशेजारी खरी वेळ लिहा. तो सांगेल त्या एका व्यक्तीला अटकेची खबर देणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि ती कुणाला दिली याची ठाण्यात नोंद होते. अंगझडतीत मोबाईल, पाकीट, पैसे काढून घेतात. त्याची पावती मागा. मग मेडिकल. सरकारी डॉक्टर तपासून अंगावरच्या जखमा आणि त्या साधारण कधीच्या हे लिहितात, अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते. मार बसला असेल तर तो डॉक्टरांनाच सांगायचा, आणि रोजच्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठीही तिथेच दाखवायची.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे अटकेच्या कारणांचा. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, वरळीतल्या गाजलेल्या अपघात प्रकरणातून आलेल्या अपिलात स्पष्ट केलं की ही कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. जागेवर देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. 'चोरीच्या कलम ३०३(२) खाली अटक' एवढंच लिहून भागत नाही. कुठली गाडी, कुठून गेली, या माणसाचा तिच्याशी काय संबंध, हे त्यात हवं. कागद मिळाला नसेल तर अटक बेकायदा ठरून सुटका होऊ शकते, पण केस संपत नाही. कारणं लेखी देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाला यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हेल्पलाइन १५१०० आहे. घरच्यांनी आधार कार्ड, रेशन कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत ठेवावा. दाखला वयासाठी. मुलगा अठराच्या आतला निघाला तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

न्यायालयात हजर केल्यावर दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे तेच पोलीस उभे असतात, आणि बहुतेक जण मान खाली घालून 'नाही' म्हणतात. तेच उत्तर रेकॉर्डवर जातं. मारहाण, उशीर, न मिळालेला कागद, जे असेल ते तिथेच बोलायचं किंवा वकिलाला आधी सांगून ठेवायचं. 'मला सहाला आणलं' हे वाक्यही याच वेळी.

मग तपास अधिकारी पोलीस कोठडी का हवी ते सांगतात. गाडी हस्तगत करायची आहे, साथीदार शोधायचे आहेत, अशी कारणं असतात. त्यावर तुमचा वकील विचारेल की गाडी आधीच जप्त झाली असेल तर आता कोठडी कशासाठी. दंडाधिकारी काही दिवसांची पोलीस कोठडी देतात किंवा न्यायालयीन कोठडी. न्यायालयीन कोठडी झाली तर जामिनाचा अर्ज बऱ्याचदा त्याच दिवशी देता येतो, म्हणून जामीनदाराला त्याचं ओळखपत्र आणि सातबारा किंवा पगारपत्रक घेऊन न्यायालयातच थांबवून ठेवा.